भाग आणि कपड्यांवरून गाणं शोधणं: लिटिल चॅम्प्स 2008-09, नोंद तिसरी

‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतला एखादा तुकडा कोणत्या भागातला आणि गाणं कोणतं हे शोधायला मागच्या नोंदीत स्पर्धकांच्या कपड्यांची यादी करायचं ठरलं होतं. ती यादी चालू ठेवूया, पण शोधाची सुरुवात आता तिच्यापासून करायची नाही. सुरुवात होईल ती सूत्रसंचालिका पल्लवी जोशींच्या साडीपासून आणि परीक्षकांच्या खुर्च्यांपासून.

याचं कारण साधं आहे. स्पर्धक एका भागात पाच-सात मिनिटंच दिसतो आणि त्यातही निम्मा वेळ कॅमेरा तोंडावर असतो. सूत्रसंचालिका आणि अवधूत गुप्ते-वैशाली सामंत ही परीक्षकांची जोडी मात्र भागभर दिसते, आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्यात एकदा तरी त्यांच्यावर कट येतोच. त्यामुळे दोन तुकडे एकाच भागातले आहेत का, हे तिघांच्या कपड्यांची जुळणी करून ठरतं. तिघांचेही कपडे जुळले, तर भाग तोच. फक्त स्पर्धकाचे जुळले, तर सावध राहायचं. ‘आतापर्यंतचा प्रवास’ दाखवताना जुनं चित्रण नव्या भागात घुसतं आणि जाहिरातीच्या झलकेत एका गाण्याचं चित्र आणि दुसऱ्याच गाण्याचा आवाज असू शकतो.

रंगावर भरवसा ठेवायचा नाही. निळ्या प्रकाशात मरून परकर जांभळा किंवा चक्क काळा दिसतो, आणि पिवळ्या प्रकाशात पांढरा कुर्ता मोतिया होतो. त्यात जुन्या चित्रणात रंगाचा तपशील मुळातच कमी असतो, म्हणून लाल कापडाची कड शेजारच्या रंगात पसरते. यादीत रंग लिहायचा तो गाणं संपल्यावर, परीक्षक बोलत असताना, मंचावर साधा पांढरा प्रकाश असतो तेव्हाचा. त्याहून भरवशाच्या गोष्टी म्हणजे काठाची रुंदी, गळ्याचा आकार, बाहीची लांबी आणि दागिना. ‘जांभळा परकर’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘चार बोटं सोनेरी काठ, फुग्याची बाही, ठुशी’ ही नोंद पुढच्या माणसाच्या कामाची.

हाताशी पूर्ण भागाचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग असेल, तर सगळा भाग बघत बसायची गरज नाही. दर दहा सेकंदांना एक चित्र घेऊन तीस-तीस चित्रांचा तक्ता करायचा:

```
ffmpeg -i bhag.mp4 -vf "yadif,fps=1/10,scale=320:-2,tile=6x5" takta-%02d.png
```

पंचेचाळीस मिनिटांच्या भागाचे नऊ तक्ते होतात. एक तक्ता म्हणजे पाच मिनिटं, एक आडवी ओळ म्हणजे एक मिनिट, त्यामुळे हवा तो वेश दिसला की वेळ लगेच काढता येते. `yadif` गाळायचं नाही. ते नसलं, तर हलणाऱ्या ओढणीवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात आणि काठाची नक्षी वाचता येत नाही. आमच्याकडे बऱ्याच जणांनी ते गाळून ‘चित्र खराब आहे’ म्हणून भाग बाजूला टाकले होते. ते पुन्हा काढावे लागतील.

आता एक शोध पायरीपायरीने पाहू. समजा विचारणा अशी आहे: लहान मुलगी, जांभळा परकर-पोलका, परीक्षकांनी सर्वोच्च दाद म्हणून ‘वरचा सा’ दिला, गाण्यात ‘मिलिंद’ असं काहीतरी नाव होतं.

आधी पर्व पक्कं करायचं. ‘लिटिल चॅम्प्स’ एवढंच शोधलं, तर 2021 चं पर्वही समोर येतं आणि घोटाळा तिथेच होतो. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे पहिल्या पर्वातले स्पर्धक तिथे परीक्षकांच्या जागी बसलेले आहेत. नाव तेच, माणूसही तोच, पण स्पर्धक नव्हे. यूट्यूबवर शोध असा बांधायचा:

```
सारेगमप लिटिल चॅम्प्स before:2010-01-01
```

हा दिनांक चित्रफीत चढवल्याचा असतो, प्रक्षेपणाचा नव्हे. म्हणून 2021 गाळायला तो उपयोगी, पण भागाची तारीख म्हणून यादीत लिहायचा नाही. महाअंतिम सोहळा 8 फेब्रुवारी 2009 ला झाला. त्यानंतरची तारीख एखाद्या स्पर्धा-भागापुढे दिसली, तर ती हमखास चढवल्याची तारीख आहे. हाच शोध रोमन लिपीत `Little Champs` आणि `Lil Champs` या दोन्ही रूपांनी पुन्हा करायचा.

पुढे शब्द. ‘मिलिंद’ हे माणसाचं नाव धरून शोधलं, तर काहीच हाती लागत नाही. मिलिंद म्हणजे भुंगा. हे लक्षात आलं की वाट नाट्यसंगीताकडे वळते आणि ‘घेई छंद मकरंद’ सापडतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं पद, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, 1967 चं ‘कट्यार काळजात घुसली’. ध्रुवपद माहीत असेल, तर ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गायक, संगीतकार, राग असा तपशील जुळवता येतो. मात्र तिथली शोधाची ओळ मुखड्याची असते. कानावर पडलेला शब्द अंतऱ्यातला असेल किंवा गायकाने आधी आलाप किंवा गजर घेतला असेल, तर ऐकू आलेली पहिली ओळ गाण्याची पहिली ओळ नसते.

नाव मिळालं तरी काम संपत नाही. नाटकात हे पद दोन चालींत आहे, एक संथ आणि एक द्रुत. यादीत चाल लिहिली नाही, तर दोन वेगळी सादरीकरणं एकाच ओळीत कोंबली जातात. त्यातून ‘कट्यार’चा चित्रपट 2015 मध्ये आला, तेव्हा त्यातल्या वळणाने कोणी गायलं असेल, तर ती चित्रफीत या पर्वाची नाही. उलट दिशेनेही ही चाळणी चालते: ‘वाजले की बारा’ ज्या ‘नटरंग’मधलं, तो जानेवारी 2010 मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे ‘लिटिल चॅम्प्स 2008’ अशा मथळ्याखाली ती लावणी दिसली, तर मथळा खोटा आहे.

शेवटी कपडे, आणि तेही गाणं कोणतं हे ठरवायला नव्हे, तर कितवं सादरीकरण हे ठरवायला. तेच पद स्पर्धेच्या फेरीत होऊ शकतं आणि पुन्हा फर्माईश म्हणून पाहुण्यांसमोरही. तक्त्यात परीक्षकांचे कपडे जुळवून भाग काढायचा, मग पांढऱ्या प्रकाशातलं चित्र थांबवून यूट्यूबवर `,` आणि `.` या कळांनी एकेक चौकट मागेपुढे करायची. या विचारणेतला ‘जांभळा’ इथेच मरून ठरतो. ‘वरचा सा’ची घोषणा त्याच तुकड्यात ऐकू आली, तर ओळ भरायची. नाही आली, तर रकाना मोकळा ठेवायचा.

एक नवी अडचण या वेळी पुढे आली. काही चित्रफिती आरशासारख्या उलट्या करून चढवलेल्या असतात, आणि कधी सूरही अर्धा-एक स्वर वर नेलेला असतो. त्यात केसातलं फूल दुसऱ्या कानामागे जातं आणि यादीतली नोंद जुळत नाही. ओळखायची खूण पुन्हा सूत्रसंचालिकेकडेच मिळते: नेहमीच्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर असतो. तो उजव्यावर दिसला, तर आधी चित्रातली अक्षरं तपासायची आणि चित्र उलटं करून मग जुळवायचं. अशा चित्रफितीवरून पट्टी मात्र कधीच लिहायची नाही.

राहिलेली कच्ची बाजू विशेष भागांची आहे. सणाच्या भागात सगळीच मुलं परकर-पोलक्यात किंवा झब्ब्यात असतात, त्यामुळे काठ आणि गळ्यावरून माणूस वेगळा काढता येत नाही. महाअंतिम सोहळ्यात फेरीगणिक वेश बदलू शकतो, म्हणून तिथे परीक्षकांऐवजी स्पर्धकाच्या कपड्यांवरून फेरी लावावी लागेल. या दोन्हींसाठी यादीत ‘मागचा पडदा’ असा एक रकाना वाढवला आहे. आधीच्या ओळींमध्ये तो भरून झाला, की पुढच्या नोंदीत महाअंतिमच्या फेऱ्या घेऊ.