नोकरीत लिहिलेल्या लेखांचं पुस्तक काढताना

साप्ताहिकात उपसंपादक असताना मी जुन्या विहिरींवर एक लेखमाला लिहिली होती. नोकरी सोडल्यावर तिचं पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा प्रकाशकाने आधी हक्कांचे कागद मागितले. जुन्या व्यवस्थापनाला फोन केला तर उत्तर तयारच होतं: "पगार आम्ही दिला, लेख आमचे."

बहुतेक नोकऱ्यांत हे खरं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17(सी) प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. वेगळा करार असेल तरच चित्र बदलतं. मी तिथे नव्या वार्ताहरांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली होती, ती याच न्यायाने त्यांची. तिच्यावर मी हक्क सांगितलाच नाही.

लेखांचं तसं नाही. वृत्तपत्र-मासिकांच्या पगारी लेखकांसाठी त्याच कलमाचं (ए) पोटकलम वेगळं आहे. नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सगळ्या बाबतीत लेखकाचा. मालकाने पगार दिला तो अंक भरण्यासाठी, म्हणून त्याला अंकापुरतं मिळतं. त्यामुळे तीच लेखमाला ते दुसऱ्या अंकात पुन्हा छापू शकतात, मी मात्र ती दुसऱ्या साप्ताहिकाला देऊ शकत नाही. पुस्तक माझं.

"पण लेख तर सगळेच माझे, मीच लिहिले," असं एक मित्र म्हणाला. लेखमाला मी बाहेरून, मुक्त पत्रकार म्हणून मानधनावर लिहिली असती आणि हक्क लिहून दिले नसते, तर त्याचं म्हणणं पटलं असतं. मी पगारी होतो, ठरलेल्या वेळेला कामावर, संपादक देतील ते काम. हा सेवेचा करार, म्हणून मालकी विभागली गेली.

राहिलं नियुक्तिपत्र, कारण सगळं "विरुद्ध करार नसल्यास" या अटीवर उभं आहे. ‘सर्व लेखनाचे सर्व हक्क संस्थेकडे’ असं एक वाक्य असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. माझ्या पत्रात गोपनीयता आणि दुसरीकडे काम न करणं एवढंच होतं. त्याची प्रत आणि कलमाचा मजकूर जोडून व्यवस्थापनाला पत्र पाठवलं. परवानगी मागितली नाही, फक्त कळवलं. परवानगी मागणं म्हणजे हक्क त्यांचा असल्याचं आपणच लिहून देणं.

उत्तर आलं: हरकत नाही, फक्त मूळ प्रसिद्धीचा उल्लेख करा.

खरी अडचण निघाली छायाचित्रांची. ती काढली होती साप्ताहिकाच्या पगारी छायाचित्रकाराने. छायाचित्र ही कायद्यात कलाकृती, म्हणजे (ए) त्यालाही लागू. व्यवस्थापनाची हरकत नसली तरी पुस्तकात छापण्याचा हक्क त्याचाच होता. त्याच्याशी लेखी परवाना केला. त्यात मुदत आणि प्रदेश मुद्दाम लिहिले. नाहीतर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरतो, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा सहीसाठी धावावं लागलं असतं.