अटक संपादकाची, गुन्हा अलिबागचा

४ नोव्हेंबर २०२० रोजी रायगड पोलिसांनी रिपब्लिक वाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामींना मुंबईतल्या घरातून ताब्यात घेतलं. ते अलिबागला पोहोचण्याआधीच बातमीचे दोन मथळे देशभर तयार होते. एकात आणीबाणी परत आली होती, दुसऱ्यात कायदा सर्वांना समान होता. मी तेव्हा एका मराठी दैनिकासाठी रायगडची पोलीस-कोर्टाची बातमीदारी करत होतो. दुपारीच डेस्कवरून विचारणा झाली, "आपली लाइन काय?" मी म्हटलं, "साहेब, आधी रिमांड होऊ द्या."

आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना या संपादकांची पत्रकारिता पसंत नव्हती, मलाही नव्हती. म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं. आवडत्या पत्रकाराला अटक झाली की आपण कागद न बघताच त्याच्या बाजूने लिहितो आणि नावडत्याच्या वेळी कागद न बघताच पोलिसांच्या. त्या दिवशी दोन्हीकडचे लोक नेमकं हेच करत होते.

मी प्रश्न दोन भागांत तोडला. गुन्हा पत्रकारितेबद्दल आहे का, हा एक. आणि अटक ज्या रीतीने, ज्या वेळी झाली, त्यात सत्तेचा हात दिसतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एफआयआरमध्ये सापडतं, दुसऱ्याचं तारखांमध्ये.

पहिल्यासाठी फार शोधावं लागलं नाही. मे २०१८मध्ये अलिबागजवळच्या कावीर गावात एक इंटिरियर डिझायनर आणि त्यांची आई घरात मृतावस्थेत सापडले. चिठ्ठीत पैसे थकवल्याचा आरोप तिघांवर होता. त्यांतले एक गोस्वामी, वाहिनीच्या स्टुडिओच्या कामाचे ८३ लाख थकवल्याबद्दल. उरलेले दोघे व्यावसायिक, त्यांचा बातमीशी संबंधच नाही. कलम भादंवि ३०६, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं. देणं होतं ते दिलं, असं वाहिनीच्या कंपनीचं म्हणणं. या कागदात एकाही बातमीचा उल्लेख नव्हता.

फरक कळावा म्हणून मी त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण शेजारी ठेवलं. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदी असताना वांद्रे स्थानकाबाहेर गर्दी जमल्यावर एबीपी माझाचे राहुल कुलकर्णी यांना उस्मानाबादहून अटक झाली. रेल्वेच्या अंतर्गत पत्रावर आधारलेल्या त्यांच्या बातमीमुळे गर्दी जमली, असा पोलिसांचा आरोप होता. तिथे बातमी हाच गुन्हा ठरवला होता, त्यामुळे वृत्तस्वातंत्र्याचा प्रश्न पहिल्या ओळीतच होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. अलिबागच्या प्रकरणात तो प्रश्न असलाच तर दुसऱ्या भागात होता.

तिथे मात्र काम लागलं. पोलिसांनी २०१९मध्ये या गुन्ह्यात 'ए समरी' दिली होती आणि दंडाधिकाऱ्यांनी ती स्वीकारली होती. टीव्हीवर याला सर्रास 'क्लीन चिट' म्हणत होते. कोर्टात ऊठबस असलेल्या कोणालाही ते खटकलं असतं. गुन्हा द्वेषाने केलेला, खोटा ठरला तर 'बी समरी'. चुकीच्या समजुतीतून नोंदला गेला किंवा मामला दिवाणी निघाला तर 'सी'. 'ए'चा अर्थ एवढाच की गुन्हा घडला असं पोलीस मानतात, पण पुढे न्यायला पुरावा मिळत नाही. त्यामुळे 'निर्दोष ठरवलेल्या संपादकाला पुन्हा अटक' हे वाक्य चूक होतं. 'सत्य अखेर बाहेर आलं' हेही चूकच, कारण नवा पुरावा काय मिळाला हे कोणी सांगत नव्हतं.

तारखा लावल्यावर चित्र असं दिसलं. एप्रिल २०२०मध्ये पालघर हत्याकांडावरच्या कार्यक्रमामुळे गोस्वामींविरुद्ध गुन्हे दाखल झाले. मे महिन्यात तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी या जुन्या प्रकरणाच्या नव्याने तपासाची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये विधिमंडळात हक्कभंग, ऑक्टोबरमध्ये टीआरपीचं प्रकरण, नोव्हेंबरमध्ये अटक. हा क्रम बोलका आहे, पण क्रम म्हणजे कारण नव्हे. तपास मृताच्या मुलीच्या तक्रारीवरून उघडला होता आणि ही बाजू दिल्लीच्या बातम्यांत जवळजवळ नव्हतीच. प्रकरण बंद करताना आम्हाला कळवलंही नाही, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. मूळ फिर्यादीला न ऐकता समरी मंजूर होणं ही गंभीर गोष्ट आहे. मी दोन्ही गोष्टी सलग परिच्छेदांत दिल्या, मध्ये 'मात्र' न घालता. 'मात्र' आला की वाचक पहिला परिच्छेद विसरतो.

एडिटर्स गिल्डने त्याच दिवशी अटकेचा निषेध केला. तो मी बातमीत घेतला, पण गिल्डच्या नावानेच, आमचं मत म्हणून नाही. गोस्वामींनी मारहाणीचा आरोप केला आणि उलट पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध महिला अधिकाऱ्याला मारहाण केल्याचा वेगळा गुन्हा नोंदवला. दोन्ही आरोप आरोप म्हणूनच गेले. 'पोलिसांची दंडेली' हा उपमथळा मी फोनवरून काढायला लावला.

सुनावणी रात्रीपर्यंत लांबली. पोलिसांनी १४ दिवसांची पोलीस कोठडी मागितली होती. निकाल आला आणि वाहिन्यांवर पट्टी फिरली, '१४ दिवसांची कोठडी'. आमच्या भाषेत सांगायचं तर पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, नाकारून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, दिली होती. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. न्यायालयीन कोठडी म्हणजे आरोपी पोलिसांच्या ताब्यात राहत नाही. शिवाय मृत्यूंशी आरोपींचा संबंध प्रथमदर्शनी दाखवता आलेला नाही आणि तपास पुन्हा उघडताना न्यायालयाची परवानगी घेतलेली नाही, असं दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलं. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्यांदाच कोणाच्या मताऐवजी न्यायालयाच्या आदेशाचा आधार मिळाला. डेस्कला सांगितलं, "आता लाइन आहे. पोलिसांची मागणी फेटाळली, अटकेवर प्रश्नचिन्ह." मथळा तसाच लागला. 'मुस्कटदाबी' हा शब्द मी तेव्हाही टाळला, कारण न्यायालयाने हेतूबद्दल काही म्हटलं नव्हतं.

पुढचे दिवस हीच शिस्त पाळायची होती. ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारला, पण सत्र न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे असं सांगत. तो गुन्ह्यावरचा निर्णय नव्हता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला आणि २७ तारखेला सविस्तर निकाल आला. एफआयआर प्रथमदर्शनी पाहता प्रवृत्त करण्याच्या गुन्ह्याचे घटक त्यात दिसत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. राज्याने फौजदारी कायदा छळासाठी वापरू नये, हे बघणं न्यायालयांचं काम आहे, हेही होतं. माझ्या मते इथपासून हे प्रकरण वृत्तस्वातंत्र्याचं म्हणून लिहायला भक्कम पाया मिळाला आणि मी तसं लिहिलं. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही. त्यांचा मुद्दा असा की थकलेल्या बिलाचा पत्रकारितेशी काय संबंध? माझं उत्तर तेच, बिलाचा नाही, अटकेचा आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला अलिबागच्या न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांची गर्दी ओसरली होती. त्या दिवसाच्या बातमीत मी दोन वाक्यं आग्रहाने ठेवली. दोषारोपपत्र म्हणजे आरोप सिद्ध होणं नव्हे, आणि जामिनाच्या निकालातली निरीक्षणं प्रथमदर्शनी असतात, खटल्याचा निकाल नव्हेत. डेस्कने जागेअभावी दुसरं वाक्य कापायला घेतलं होतं. पहिलं ठेवून दुसरं काढलं तर बातमी एका बाजूला कलते, एवढं सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या जाहिरातीचा चौकोन लहान केला.