चार वर्षांची होती, हो

“मॅडम, पण त्या बायका खरंच विद्वान होत्या, की नुसती यादीतली नावं?”

मध्ययुगात हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि कृती यांच्या नोंदी, पुढच्या पिढीला ऐकवणाऱ्या मुस्लिम बायकांवर मी बोलते, तेव्हा हा प्रश्न येतोच. विचारणारे दोन प्रकारचे असतात, आणि दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक असतं. एकांना ‘नुसती नावं’ हे माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. दुसऱ्यांना, यात आमच्या घरचेही आले, ‘आमच्यात तर तेव्हापासून बायका शिकवायच्या’ असं ऐकायचं असतं. मी बरीच वर्षं दुसऱ्यांची सोय केली. हौसेने केली. ती सवय कशी सुटली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय माझं उत्तर नुसतं शहाणपण वाटेल.

एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला होती. जानेवारीची थंडी, शाळेच्या पटांगणात मांडव, पाचशेच्या आसपास माणसं. मी दमास्कसच्या आयशा बिंत अब्दुल हादीपाशी भाषण आणून सोडलं. माझा ठरलेला शेवट होता तो. १४००च्या सुमारास इब्न हजर अस्कलानी कैरोहून दमास्कसला येतो. हाच पुढे बुखारीच्या हदीस-संग्रहावरचा सर्वांत मोठा भाष्यकार होणार आहे. तो शिष्य म्हणून बसतो कुणासमोर, तर सत्तरी ओलांडलेल्या एका बाईसमोर. इथे मी थांबायचे, टाळ्या यायच्या. त्या दिवशीही आल्या.

मग प्रश्नोत्तरं. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. पांढरी दाढी, टोपी, अंगावर शाल. निवृत्त शिक्षक, असं नंतर कळलं. माइक नको म्हणाले. “बाई, एकच विचारतो. आयशाबीबींनी बुखारी ऐकली तेव्हा त्यांचं वय काय होतं?”

मला माहीत होतं. म्हटलं, “चार.”

मांडवात हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, पण पसरलं. गृहस्थ हसले नाहीत. “मग त्यांना त्यातलं काय कळलं असेल?”

आणि मी म्हणाले, “त्या काळी मुलं लहानपणीच पाठ करायची.”

ही थाप होती. कुराण लहानपणी पाठ करत, हे खरं. पण पुनरावृत्ती धरून सात हजारांहून जास्त हदीस असलेला ग्रंथ चौथ्या वर्षी कुणी पाठ केलेला नाही, आयशानेही नाही. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते नुसतं “बरं” म्हणाले आणि शाल सावरत बसले. संयोजकांनी नारळ दिला. रात्रीच्या एसटीत तो मांडीवर घेऊन मी बसले होते आणि ते ‘बरं’ काही केल्या खाली उतरत नव्हतं. वाद घातला असता, चिडले असते, तर मी भांडले असते. त्यांनी मला सोडून दिलं.

त्याहून वाईट म्हणजे माझ्या स्लाइडच्या पहिल्या खर्ड्यात ‘वय चार’ असं लिहिलेलं होतं. मीच खोडलं होतं. बरं दिसत नव्हतं म्हणून.

आता, त्या ‘चार’चा अर्थ काय होता ते सांगते. तेव्हा सांगायला हवं होतं.

बुखारी ८७० साली गेले. पुढे त्यांचा ग्रंथ पक्का झाला, प्रती सगळीकडे पसरल्या. मग तो कुणाच्या तोंडून ऐकण्याची गरज काय? गरज मजकुराची नव्हती, सनदेची होती. आपल्याकडे सनद म्हटलं की वतन आठवतं. इथे सनद म्हणजे माणसांची साखळी: मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, असं थेट बुखारींपर्यंत. कड्या जितक्या कमी तितकी सनद उंच आणि तितकी तिला किंमत. आता कड्या कमी कशा करायच्या? खूप म्हाताऱ्या माणसासमोर खूप लहान मूल नेऊन बसवायचं, आणि मग त्या मुलाला दीर्घायुष्य लाभो म्हणून वाट बघायची.

बैठकीत एक जण पोथी वाचायचा, गुरू ऐकायचा, आणि एक जण हजेरी लिहायचा. ही हजेरी पोथीच्या शेवटी किंवा समासात असे, आणि ती फार कडक असे. कोण उशिरा आलं, कुणाचा कुठला भाग हुकला, कोण पेंगत होतं, हेही नोंदवलेलं सापडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला ‘ऐकलं’ असं लिहीत नसत, ‘हजर होतं’ एवढंच लिहीत. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला काय कळणार हा प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यांनी तो शब्दाच्या निवडीत सोडवून टाकला होता. माझ्यासारखी थाप त्यांनी मारली नाही.

आयशाला ज्यांच्यासमोर नेलं ते हज्जार. त्यांची गोष्ट मला त्या गृहस्थांना सांगायची होती, अजूनही सांगावीशी वाटते. हज्जार म्हणजे पाथरवट. दमास्कसच्या किल्ल्यावर चाकरीला होते. शिकलेले नव्हते. १३०६च्या सुमारास हदीसच्या विद्यार्थ्यांना १२३३च्या आसपासची एक हजेरी सापडली. त्या बैठकीत झबीदी नावाच्या गुरूंसमोर बुखारी वाचली गेली होती, आणि यादीत या पाथरवटाचं नाव होतं. सत्तरेक वर्षांपूर्वी कुणीतरी पोराला नेऊन बसवलं होतं. पोरगं म्हातारं होऊन अजून जिवंत होतं. मग काय, लोकांची रीघ लागली. मोठमोठे आलीम त्यांच्यापुढे बसून बुखारी वाचू लागले. शंभरी ओलांडून ते १३२९-३०मध्ये वारले, त्याच्या दोन-तीन वर्षं आधी चार वर्षांची आयशा त्यांच्यासमोर होती.

आता बोटांवर मोजा. बुखारी, मग फिरबरी, सरख्सी, दाऊदी, अबुल वक्त, झबीदी, हज्जार, आणि आयशा. ती १४१३ साली वारली. पाचशे त्रेचाळीस वर्षं आणि मध्ये माणसं फक्त सहा. इब्न हजरसारखा माणूस तिच्यासमोर जाऊन बसतो तो याचसाठी. तो ग्रंथ तिच्याकडून समजून घ्यायला गेला नव्हता.

याचा फायदा मी लगेच घेतला. पुढच्याच भाषणात म्हणाले, हज्जार पुरुष होते, पाथरवट होते, त्यांना कुणी ‘विद्वान की नुसतं नाव’ असं विचारत नाही, मग आयशालाच का? खटकेबाज वाक्य आहे. पण माझ्यातल्या त्या आधीच्या वक्त्रीला मी आज विचारेन, की बाई, हज्जार विद्वान नव्हतेच ना? मग त्यांच्या जोडीला आयशाला बसवून तू तिला वर काढलंस की त्यांच्या रांगेत बसवलंस? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणते, की त्या विद्येत ‘कडी’ असणं हे खरं काम होतं. बसणं, पूर्ण ग्रंथ ऐकणं, चुकलं तिथे थांबवणं, दिवसेंदिवस. दमास्कसचीच झैनब बिंत अल-कमाल १३३९ साली नव्वदी ओलांडून गेली. तिच्यापाशी विद्यार्थी दिवसाचा बराचसा वेळ वाचत बसलेले असत, आणि ती शांतपणे ऐकून घेई, अशी नोंद आहे. लहानपणीच डोळ्यांचं दुखणं लागलेलं, लग्न केलं नव्हतं. ती साधारण वर्षाची असताना बगदादच्या अजीबा या वृद्ध बाईंची इजाजत, म्हणजे पुढे सांगण्याची परवानगी, तिच्या नावे आलेली होती. नव्वदीतल्या बाईने तान्ह्या मुलीला दिलेली. झैनब गेली तेव्हा चरित्रकारांनी लिहिलं, की उंटभर हदीसपोथ्यांच्या बाबतीत लोक एक पायरी खाली आले. कडी तुटली की काय होतं ते या एका वाक्यात आहे.

आपण दौलताबादच्या वर्णनासाठी ज्याला नेहमी उद्धृत करतो तो इब्न बतूता १३२६ साली दमास्कसला होता. हज्जारांसमोर चौदा बैठकांत बुखारी ऐकल्याचं आणि झैनबकडून इजाजत मिळाल्याचं तो सांगतो. त्याचं सगळंच खरं धरू नये, पण प्रवासात मिरवायला ही नावं उपयोगाची होती एवढं तरी त्यातून दिसतं.

मग कुणीच विद्वान नव्हतं का? इथे मी करीमाला पुढे करते. करीमा मर्वझिया मूळ मध्य आशियातल्या मर्वकडची, मक्केत स्थायिक झालेली, १०७०च्या सुमारास वारली. बुखारीच्या प्रतींसाठी तिच्याकडे लोक लांबून येत. बगदादचा नामवंत विद्वान खतीब हजला आला असताना त्याने तिच्यापुढे सबंध बुखारी पाच दिवसांत वाचून काढली. (पाच दिवसांत त्याला काय कळलं, असं कुणी विचारत नाही. असो.) पण मला खतीबपेक्षा कूफ्याचा नरसी हा विद्यार्थी जास्त आवडतो. करीमाने आपली प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्याने तिच्यासमोर बसून सात पानं उतरवून घेतली, वाचली, आणि म्हणाला, रुजवात माझी मी करतो. ती म्हणाली, नाही, माझ्याबरोबर बसूनच. मग दोघांनी मूळ प्रत आणि नक्कल ओळीने ताडून पाहिली.

कारकुनी केलेल्या कुणालाही यातलं मर्म कळेल. नक्कल उतरवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, कारण डोळा तीच चूक दुसऱ्यांदाही गिळतो. ती पकडायला दुसरी, जाणकार नजर लागते. करीमा नुसती कडी असती तर तिला काय पडलं होतं, सात पानांवर ‘ऐकलं’ म्हणून सही करून मोकळी झाली असती.

पण करीमाला पुढे करून मी आयशाची बाजू सांभाळते आहे, हेही मला दिसतं. आणि इब्न हजरचा शिष्य सखावी याच्या चरित्रकोशाचा शेवटचा खंड फक्त बायकांचा, हजाराहून जास्त नोंदी, याच्यावरून ‘हजार विदुषी’ असं मी दोन ठिकाणी बोलून गेले आहे. त्यातल्या कितीतरी जणी कुणाच्या तरी बायका, लेकी, सरदारांच्या घरच्या आहेत. ते शब्द मागे घेते. मदरशातली पगारी गादी यांच्यापैकी कुणाला नव्हती, हेही आता मी आपणहून सांगते.

‘वय चार’ स्लाइडवर परत लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात. गेल्या महिन्यात एका कॉलेजात ती स्लाइड आली तेव्हा परत हसू झालं. मी हज्जारांची गोष्ट सांगितली, हसू थांबलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, चार आणि सत्तर कळलं. मधल्या वर्षांत ती काय करत होती?”

मी तिला झैनबचे डोळे सांगितले, तिचं अविवाहित असणं सांगितलं. ती म्हणाली, “ते झैनबचं झालं. मी आयशाचं विचारतेय.”