‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे नक्की कोणती तारीख?

भेटीची वेळ मागणाऱ्या निरोपांतून तारीख काढून ती वेळापत्रकात टाकणारा छोटा प्रोग्राम मी लिहीत होतो. सर्वांत जास्त वेळ ‘पुढच्या शुक्रवारी’ने घेतला.

बुधवारी, ४ जून २०२५ ला आलेला निरोप घ्या. ‘येत्या शुक्रवारी’ म्हटलं तर ६ जून, यात वाद नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हटलं तर बहुतेकांच्या मनात १३ जून असतो, पण काहींच्या मनात ६च. तोच निरोप रविवारी, ८ जूनला आला तर? आठवडा सोमवारी सुरू होतो असं मानणाऱ्याला पुढच्या आठवड्यातला शुक्रवार म्हणजे १३ जून. रविवारपासून आठवडा मोजणाऱ्याचा नवा आठवडा त्याच दिवशी सुरू झालेला, म्हणून त्याचा ‘पुढचा’ शुक्रवार २० जूनला. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

तयार साधनं एक अर्थ धरून मोकळी होतात. लिनक्सवर ही आज्ञा देऊन बघा:

```
date -d 'next friday'
```

बुधवारी ती दोन दिवसांनंतरचाच शुक्रवार देते. शुक्रवारी दिली तर सात दिवसांनंतरचा. म्हणजे तिच्या लेखी ‘आजनंतर येणारा पहिला शुक्रवार’, एवढंच. बोलणाऱ्याच्या मनातला आठवडा तिला ठाऊक नसतो.

‘परवा’ची अडचण वेगळी. ‘परवा भेटू’ किंवा ‘परवा भेटलो’ यांत क्रियापदच दिशा सांगतं. पण ‘परवाच्या बैठकीचे कागद पाठवा’ यात बैठक झाली की व्हायची आहे, हे कळत नाही. ४ जूनला लिहिलेल्या या वाक्यातून २ जूनही निघतो आणि ६ जूनही. अशा वेळी मी आधी वेळापत्रकात त्या दोन तारखा बघायला लावल्या: एकाच दिवशी बैठक असेल तर प्रश्न मिटतो.

मोजणी निरोप लिहिल्याच्या दिवसापासून, लिहिणाऱ्याच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे करायची, वाचल्याच्या दिवसापासून नाही. बुधवारी रात्री ११:५० ला लिहिलेलं ‘परवा भेटू’ प्रोग्रामने मध्यरात्रीनंतर वाचलं आणि आपलं घड्याळ धरलं, तर शुक्रवारचा शनिवार होतो. ही चूक दिवसा चाचणी घेताना दिसतच नाही, म्हणून मी मध्यरात्रीच्या आसपासचे निरोप मुद्दाम चाचणीत घातले.

शेवटी प्रोग्राम एकच तारीख न काढता संभाव्य सगळ्या तारखा काढू लागला. एकच उरली तर ती नोंदवतो. दोन उरल्या तर विचारतो, ‘शुक्रवार, ६ जून की शुक्रवार, १३ जून?’ वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा माझा आग्रह आहे. कुणी ‘शुक्रवार, १२ जून’ असं उत्तर दिलं, तर १२ला गुरुवार असल्यामुळे चूक तिथेच पकडली जाते.