‘लगेच’ म्हणजे नक्की कधी?

“काका, कोथरूडचा फ्लॅट विकला, 20 लाख खात्यात पडून आहेत. नव्या घराचं रजिस्ट्रेशन सहा आठवड्यांनी आहे. सेव्हिंगमध्येच राहू देऊ की ते लिक्विड फंड म्हणतात त्यात टाकू? लगेच परत मिळतात ना?”

टाकायला हरकत नाही. पण ‘लगेच’ या शब्दावर मी एकदा स्वतः आपटलोय, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

सेव्हिंग खात्यातले पैसे रोख असतात. चेक लिहा, डीडी काढा, रात्री अकराला पाठवा. लिक्विड फंड हा म्युच्युअल फंडाचाच एक प्रकार. त्यात टाकलेत की तुमच्याकडे पैसे राहत नाहीत, युनिट्स येतात, म्हणजे फंडातले हिस्से. पैसे हवेत तेव्हा ती विकायची आणि ते खात्यात यायची वाट बघायची. दुपारी 3 च्या आत विकलीत तर साधारण पुढच्या कामाच्या दिवशी पैसे जमा होतात. 3 नंतरची मागणी पुढच्या कामाच्या दिवसाची धरतात आणि पैसे त्याच्याही पुढच्या.

2023 च्या एप्रिलमधली गोष्ट. मेव्हण्याच्या घराचं रजिस्ट्रेशन मंगळवारी, 2 मेला हवेलीच्या कार्यालयात ठरलेलं. पैसे माझ्या सल्ल्यानं लिक्विडमध्ये. शुक्रवारी 28 तारखेला मी त्याला म्हटलं, “आज विकून टाक, सोमवारी आलेच.” एक तर सोमवारी 1 मे, महाराष्ट्र दिन, सगळं बंद, हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. त्यात जेवून निवांत बसून त्यानं बटण दाबलं तेव्हा 3 वाजून 10 मिनिटं झाली होती. फोनवर पावती आली, त्यात विक्रीची तारीख 02-05-2023. म्हणजे पैसे बुधवारी, 3 मेला. त्या दहा मिनिटांपायी रजिस्ट्रेशन एक दिवस पुढे गेलं आणि विकणाऱ्या गृहस्थांना फोन मलाच करावा लागला. एका दिवसाची वाढ जादा मिळाली, तीनेकशे रुपये. मेव्हणा ते अजून ऐकवतो.

‘इन्स्टंट’ म्हणून एक सोय बऱ्याच फंडांत असते, काही मिनिटांत पैसे येतात. पण ती दिवसाला एका योजनेत फार तर 50,000 रुपये किंवा तुमच्या शिल्लकेच्या 90 टक्के, यात जे कमी असेल तेवढ्यापुरती. दवाखान्याच्या डिपॉझिटला ती कामाची आहे, फ्लॅटला नाही.

पैसे आत जातानाही घड्याळ असतंच, फक्त वेगळं. दुपारी 1:30 च्या आत तुमचा अर्ज आणि प्रत्यक्ष पैसे, दोन्ही फंडाच्या खात्यात पोचले तर युनिटचा आदल्या दिवसाचा भाव मिळतो, म्हणजे त्याच दिवसापासून पैसे कामाला लागतात. शुक्रवारी दीडची वेळ हुकली तर मात्र रविवारचा भाव लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार फुकट गेले. इकडे बँकेतूनही पैसे निघून गेलेले, म्हणजे तिथलंही व्याज नाही. 20 लाखांवर हे हजाराच्या आसपास जातं. आणि ‘मी तर 11 लाच पाठवले’ म्हणून भागत नाही, कारण ॲपमधून केलेलं पेमेंट फंडापर्यंत पोचायला कधीकधी वेळ घेतं. मोठी रक्कम सकाळी आरटीजीएसनं थेट फंडाच्या खात्यात पाठवावी, तीही सोमवार ते गुरुवारात. दीड ही पुण्यात वामकुक्षीची वेळ आहे, जरा सांभाळा.

आता हे सगळं कशासाठी, ते बघू. सेव्हिंगला 2.5 टक्के धरले तर 20 लाखांवर 42 दिवसांचे साधारण 5,750 रुपये होतात. लिक्विडमध्ये वर्षाला 6 टक्क्यांच्या हिशेबानं वाढ झाली, असं धरू (हा दर कोणी लिहून देत नाही, बाजाराप्रमाणे हलतो), तर 13,800. फरक आठ हजारांचा. त्यातून युनिट घेताना 0.005 टक्के स्टॅम्प ड्युटी जाते, म्हणजे 100 रुपये. दोन्हीकडच्या कमाईवर कर तुमच्या स्लॅबप्रमाणेच. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर हातात साडेपाच हजार जास्त राहतील. जुन्या करपद्धतीत असाल तर सेव्हिंगच्या व्याजावर वर्षाला 10,000 पर्यंत वजावट मिळते, तेव्हा फरक आणखी थोडा कमी होतो.

हाच हिशेब 1 लाख आणि 5 दिवसांचा केलात तर सगळं मिळून पन्नासएक रुपयांची गोष्ट उरते, त्यातही पहिल्या सहा दिवसांत बाहेर पडलात तर लिक्विड फंड थोडा एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचा आकार, कापतो. तेवढ्यासाठी कोणी हात लावू नये. रक्कम मोठी आणि दिवस चार-पाचच असतील तर ओव्हरनाइट फंड बरा. त्याला एक्झिट लोड नसतो.

ओव्हरनाइट म्हणजे आज दिलेले पैसे उद्या परत, तेही बहुतेक सरकारी रोख्यांच्या तारणावर. लिक्विड फंड 91 दिवसांपर्यंतच्या कर्जाचे कागद घेतो: ट्रेझरी बिलं, बँकांची सर्टिफिकेट्स ऑफ डिपॉझिट, कंपन्यांचे कमर्शियल पेपर. या शेवटच्यात जोखीम जास्त असते. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीनं पैसे थकवले, तेव्हा तिचे कागद बाळगणाऱ्या काही लिक्विड फंडांचा भाव एका फटक्यात खाली आला. मार्च 2020 मध्ये कारण कोणी पैसे बुडवल्याचं नव्हतं, तरी बाजारात विकणारेच सगळे झाल्यानं काही दिवस भाव घसरले होते. म्हणून फंड निवडताना मी परतावा बघतच नाही. फंडाच्या गुंतवणुकीची महिन्याची यादी उघडतो आणि कागद कोणाचे आहेत ते वाचतो. शेजारच्या फंडापेक्षा जरा जास्त देणारा लिक्विड फंड दिसला की मला उलट शंका येते, कारण तो जास्तीचा पैसा कुठल्या तरी हलक्या कागदातूनच येत असणार.

बँकेला विमा आहे, फंडाला नाही, हे खरंच. पण तो विमा एका बँकेत एका माणसामागे 5 लाखांपर्यंतच आहे. तुमचे 20 लाख एकाच खात्यात असतील तर त्यातले 15 लाख विम्याबाहेर आहेत. चांगल्या बँकेत याची मला चिंता वाटत नाही. पण सहकारी बँकेच्या दारातली रांग पाहिलेला माणूस हे ऐकून खुर्चीत सरळ बसतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. जुन्या घराच्या नफ्यावर कर वाचवण्यासाठी नवं घर घेत असाल आणि व्यवहार रिटर्नच्या मुदतीपलीकडे लांबला, तर न वापरलेली रक्कम मुदतीआधी बँकेतल्या कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवावी लागते. लिक्विड फंडातली रक्कम त्यात धरत नाहीत.

तुमचं रजिस्ट्रेशन समजा मंगळवारी असेल, तर आदल्या गुरुवारी सकाळीच विक्री टाका, दुपारच्या 3 ची वाट बघू नका. शुक्रवारी पैसे येतील, डीडीला सोमवारचा दिवस हाताशी राहील, आणि मध्ये कुठली सुट्टी आली तर ती आधीच मोजा. वकील, रजिस्ट्रेशनची फी आणि किरकोळीचे लाखभर सेव्हिंगमध्येच ठेवा, फंडात 19 च टाका. आणि विकलेल्या युनिट्सचे पैसे फंडाकडे नोंदवलेल्या खात्यातच येतात. डीडी ज्या बँकेतून काढणार तेच खातं नोंदवलंय ना, एवढं आजच बघून घ्या.