बारकोडवरचे आठ वीस

आमच्या ओपीडीच्या कलेक्शन रूममध्ये रक्ताचा नमुना कसा घ्यायचा याची एक सूचना मी लावली आहे. त्यामुळे दोन सिस्टर माझ्याशी तुटक बोलतात, आणि प्रशासनाचे म्हणणे असे की सूचना एका पानात बसायला हवी होती. ती दीड पान का झाली, ते सांगते.

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघते. बाहेरच्यांना वाटते की आमचे काम मशीनपाशी सुरू होते. मशीनपाशी फारसे काही चुकत नाही. रोज सकाळी आकडा आधीच ठाऊक असलेले कंट्रोल लावतो, आलेख बघतो, मगच पेशंटचे नमुने चढवतो. चुकते ते नमुना आमच्या दारात येण्याआधी, आणि तो भाग आमच्या ताब्यात नसतो.

ज्या दिवसामुळे ही सूचना झाली, त्या दिवशी संध्याकाळी एक कॉर्टिसोल, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीतून येणारे हार्मोन, आले ३.४. आमच्या किटवर सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान घेतलेल्या रक्तात साधारण ६ ते १८ मायक्रोग्रॅम अपेक्षित असतात. तीनच्या खाली गेले की अॅड्रिनल ग्रंथी काम करत नसल्याचा संशय खूप बळावतो. पेशंट पन्नाशीचे, तुर्भ्याचे. तक्रारी थकवा, उठताना चक्कर, वजन उतरलेले. बीपी कमीकडे झुकलेले. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘अॅड्रिनल?’ असे लिहिलेच होते. लेबलवर वेळ सकाळी ८.२०. सगळे इतके जुळत होते की रिपोर्ट सोडला असता तर कोणी शंका घेतली नसती.

मी थांबले ते आकड्यामुळे नव्हे, ट्यूब बघून. कॉर्टिसोलच्या पिवळ्या झाकणाच्या जेल ट्यूबमधला सीरम गढूळ होता. पार दुधाळ नाही, पण ट्यूबमागे धरलेली अक्षरे पुसट दिसावीत इतका. याच माणसाचा लिपिडचा नमुना सकाळीच झाला होता, आणि त्यावर लायपेमियाचा, म्हणजे चरबीने सीरम गढूळ झाल्याचा, काही शेरा नव्हता. ती ट्यूब फ्रिजमधून काढली. सीरम स्वच्छ, पिवळसर, आरपार. दोन्ही ट्यूबवर तेच नाव, तोच नंबर, तीच वेळ. एका हातातून एकाच वेळी काढलेले रक्त एका ट्यूबमध्ये नितळ आणि दुसऱ्यात गढूळ असू शकत नाही. मधे जेवण झाले असले पाहिजे.

खात्रीसाठी दोन्ही ट्यूबमधले ट्रायग्लिसराइड, म्हणजे जेवणानंतर चढणारी रक्तातली चरबी, लावले. लिपिडच्या ट्यूबमध्ये १७१, कॉर्टिसोलच्या ट्यूबमध्ये ३३८. मग सकाळच्या उरलेल्या सीरमवर कॉर्टिसोल लावले. वेगळा केलेला सीरम फ्रिजमध्ये असेल तर कॉर्टिसोल काही दिवस टिकते, त्यामुळे त्यात धोका नव्हता. आकडा आला ९.१.

एवढ्यात डॉक्टरांचाच फोन. “मॅडम, कॉर्टिसोल झालं का? कमी असेल तर मी आजच हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतोय.” मी म्हटले, “सर, माझ्याकडे दोन कॉर्टिसोल आहेत. एक दुपारचं आहे असं मला वाटतंय. पेशंटला धाप, उलट्या असं काही नसेल तर उद्यापर्यंत थांबता येईल का?” ते थांबले. सगळे डॉक्टर थांबत नाहीत, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी कलेक्शनमध्ये विचारले तर उत्तर लगेच मिळाले, कारण कोणी काही लपवत नव्हते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर म्हणजे पीपी, लिपिड आणि कॉर्टिसोल असे सगळे एकाच चिठ्ठीवर होते. सकाळी रांग दारापर्यंत. सिस्टरने साखरेची राखाडी ट्यूब आणि लिपिडची पिवळी भरली. कॉर्टिसोल हार्मोन आहे, त्याला उपास लागत नाही, मग ते दुपारी पीपीच्या वेळी घेऊ, असा तिचा हिशेब. उपास लागत नाही हे तिचे बरोबरच होते. वेळ लागते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कॉर्टिसोल पहाटे चढत जाते, जाग येण्याच्या आसपास सगळ्यात वर असते आणि दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. दुपारी पावणेतीनला निरोगी माणसाचेही सकाळच्या निम्मे किंवा त्याहून कमी असू शकते. मग ८.२० कुठून आले? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कलेक्शन टाइम’ म्हणून जे छापले जाते ती बारकोड निघाल्याची वेळ. नोंदणीच्या खिडकीवर चारही बारकोड एकदम निघाले होते, आणि दुपारच्या ट्यूबवर सकाळचा चिकटला. ही तक्रार मी आधीही लेखी दिली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचे उत्तर ठरलेले: पुढच्या अपडेटमध्ये.

इथे प्रकरण मिटले असते तर सूचना चार ओळींची झाली असती. पण ९.१ मला स्वस्थ बसू देईना. तेही फार बरे नव्हते. सकाळचे पंधराच्या वर असते तर ग्रंथी ठीक म्हणता आली असती. ९.१ म्हणजे ना हो, ना नाही. डॉक्टरांनी पेशंटला परत बोलावले होते, तेव्हा मीही खाली गेले.

“काका, तुम्ही काम काय करता?”

“भाजी मार्केटात. वाशीला. माल उतरवायला असतो.”

“उठता किती वाजता?”

“एक वाजता. रात्रीच्या. दीडला निघतो.”

एपीएमसीच्या भाजी मार्केटात गाड्या रात्रीच लागतात, पहाटे व्यवहार सुरू होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक होते. पण चिठ्ठीवर व्यवसायाचा रकाना नाही, आणि ‘सकाळचे कॉर्टिसोल’ म्हणताना आपण सहा-सातला उठणारा माणूस गृहीत धरतो. काका गेली वीसेक वर्षे संध्याकाळी सहाला झोपतात. आठ वीसला त्यांचा दिवस सात तास जुना झाला होता. शरीराचे घड्याळ अशा कामाला किती जुळवून घेते हे माणसागणिक वेगळे. काहींचे पूर्ण सरकते, पुष्कळांचे अर्धवट. म्हणजे हे ९.१ सकाळचे धरायचे की उतरत्या दुपारचे, हे मला सांगता येत नव्हते, आणि कोणत्याही किटच्या कागदावर ते लिहिलेले नाही.

मग उपासाचे विचारले. “रात्री दहानंतर काही खाल्लं नव्हतं ना?”

“नाही मॅडम. दहाला तर झोपलेलो असतो. सिस्टरनी सांगितलं तसं नाश्ता केला नाही. साडेचारला मार्केटात चहा-बनपाव झाला, तो रोजचाच.”

म्हणजे उपाशीपोटीची साखर ११२ आली होती ती चार तासांच्याही आतली. त्या आकड्यावर त्यांना ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर’ असा शेरा मिळाला होता. सिस्टरची सूचना चुकीची नव्हती, ऐकणाराही खोटे बोलला नव्हता. ‘रात्री दहानंतर नको’ हे वाक्य रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. लिपिडचे त्या मानाने कमी बिघडले. कोलेस्टेरॉल आणि एचडीएल खाण्याने फारसे हलत नाही, आणि २०१६ पासून युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीला उपासाची सक्तीच काढली आहे. बिघडते ते ट्रायग्लिसराइड, आणि एलडीएल थेट न मोजता सूत्राने काढत असाल तर त्याच्यासोबत तेही, कारण एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. काकांच्या दुपारच्या ट्यूबवर हे सूत्र लावले असते तर सकाळपेक्षा एलडीएल तेहतीसने ‘सुधारले’ असते, एका मिसळीच्या आणि तळलेल्या बोंबलांच्या जोरावर.

मार्केट रविवारी बंद असते. पण सोमवारच्या मालासाठी काका रविवारी रात्रीच घराबाहेर पडतात, म्हणून त्यांनी एक खाडा टाकला आणि दहा तासांच्या खऱ्या उपासाने साखर दिली: ९४. कॉर्टिसोलसाठी डॉक्टरांनी वेळेचा वादच सोडून दिला आणि सिनॅक्थेन चाचणी केली. ग्रंथीला कॉर्टिसोल सोडायला लावणारे हार्मोन, म्हणजे एसीटीएच, कृत्रिम रूपात २५० मायक्रोग्रॅम टोचायचे, अर्ध्या तासाने आणि तासाने रक्त घ्यायचे. ग्रंथी शाबूत असेल तर घड्याळ काहीही म्हणो, ती उसळतेच. अर्ध्या तासाचे २१ आले. जुन्या मापाने १८ पुरते. नव्या, जास्त नेमक्या किटना त्याहून कमीही चालते. काकांची ग्रंथी ठीक. थकव्याचे कारण अजून शोधत आहेत. पाच तासांच्या तुटक झोपेवर पोती उचलणे हे कारणात धरायचे की नाही, ते डॉक्टर बघतील.

आता सूचना. पहिल्या मसुद्यात मी ‘फास्टिंग ८ ते १२ तास’ असे लिहिले होते, ते खोडले. आता पहिली ओळ अशी आहे: “पेशंटला ‘उपाशी आहात का’ विचारू नका. ‘शेवटचं काय खाल्लं-प्यायलं, आणि किती वाजता’ असं विचारा. उत्तर तसंच्या तसं लिहा.” त्याखाली पाणी चालते, पण दूध-साखरेचा चहा, बिस्किट, मशेरी, तंबाखू चालत नाही. मशेरीवरून एक मावशी हसल्या. पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या बायका आमच्याकडे रोज येतात, आणि ‘काही खाल्लं का’ला त्यांचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असते.

पीपीसाठी दोन तास पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. राखाडी ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची. ती नुसती स्टँडला लावली तर फ्लोराइड तळाशी राहते आणि पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. फ्लोराइड नीट मिसळले तरी पहिला तास-दोन तास थोडी गळती असतेच, म्हणून ट्रे भरायची वाट न बघता ट्यूब वर पाठवायच्या. यावर वॉर्डबॉयचे म्हणणे, “लिफ्ट मिळाली तर.” ते खरे आहे.

कॉर्टिसोलच्या परिच्छेदात मी सगळ्यात जास्त जागा घेतली. रक्त काढल्याची वेळ पेनाने ट्यूबवर लिहायची, बारकोडवर काहीही छापलेले असो. शेजारी उठल्याची वेळ. आणि एक प्रश्न: दम्याचा पंप, गुडघ्यातले इंजेक्शन, खाजेचे मलम यातले काही सुरू आहे का? स्टिरॉइडमुळे आकडा खाली जातो आणि मलमाला कोणी औषध समजत नाही. रात्रपाळी असेल तर नमुना घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

याच शेवटच्या ओळीवर सिस्टर चिडल्या. “मॅडम, महापे-ऐरोलीची अर्धी पोरं रात्रपाळीची. प्रत्येकाला फोन करू? मागे तीस माणसं उभी असतात.” तिचा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. मी तिला एवढेच म्हटले की फोन जमला नाही तर नमुना घे, पण उठल्याची वेळ लिही. परवा तिने पाठवलेल्या एका ट्यूबवर निळ्या पेनाने होते: ‘घेतलं ९.०५. उठला काल ४ दुपारी. अजून झोपला नाही.’ मी ते तसेच रिपोर्टच्या शेऱ्यात टाकले आणि सकाळची मर्यादा छापली नाही. आता डॉक्टरांचा फोन आला आहे की मग मर्यादा कोणती धरू.