अमावास्येची बैठक

मी अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपांच्या मोटरीत नवी तार भरायचं काम करतो. बहुतेक सबमर्सिबल, थोड्या मोनोब्लॉक. या धंद्यात स्लॉटला म्हणजे कोअरच्या खाचेला तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, तार किती गेजची, पीच काय, हे सगळं ज्याच्या-त्याच्या वहीत असतं आणि शेजारचा कारागीर गिऱ्हाइकाचा वाटेकरी, त्यामुळे वही कोणी उघडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा कारागिरांनी बसावं असं मनात आलं तेव्हा मी गावातल्यांपासून सुरुवात केली नाही. चोपडा, पारोळा, धरणगाव, धुळे असा एकेका गावचा एकेक माणूस धरला. पारोळ्याचा शेतकरी मोटर घेऊन तापी ओलांडून चोपड्याला जात नाही, मग लपवायचं कशाला? गावातले लोक पुढे आपणहून आले.

माणसं सापडली ती वाइंडिंग तार विकणाऱ्या दुकानदारामुळे. कोण नियमित तार नेतो, कोणाचं काम परत येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

दिवस ठरवायला फार डोकं लागलं नाही. आमच्यातले बरेच जण अमावास्येला दुकान बंद ठेवतात, मग तोच दिवस. आठवण करायची गरज नाही, भिंतीवरचं कॅलेंडर ते काम करतं. पोळ्याची आणि लक्ष्मीपूजनाची अमावास्या अर्थातच सोडायची. एप्रिल-मे मात्र जवळपास वाया जातात. केळीला पाणी पाहिजे, मोटारी धडाधड जळतात, अमावास्या असो की पुनव, तेव्हा कोणी दुकान सोडत नाही. त्या दोन महिन्यांत हजेरी घटली म्हणून बैठक मोडली असं समजू नये.

जागा माझंच दुकान. चहा माझा, भरीत-पुरी केली तर वर्गणी. पहिल्या बैठकीत सगळा वेळ व्होल्टेजला शिव्या देण्यात गेला. एक आप्पा उठताना म्हणाले, "आठे ईसन माले काय भेटी?" इथे येऊन मला काय मिळणार, हा प्रश्न रास्त होता. पुढच्या वेळेपासून येताना प्रत्येकाने आपलं एक अडलेलं काम आणायचं असं ठरलं. मी एका वहीत दोन रकाने आखले: 'अडलंय' आणि 'आहे'. कोणाकडे लेथ आहे, कोणाकडे जुन्या पंपाचे थ्रस्ट बेअरिंग पडून आहेत, कोण बॅलन्सिंग चांगलं करतो, हे गप्पांतून निघतं. ते तिथल्या तिथे लिहिलं नाही तर घरी जाईपर्यंत विसरतं. खरं काम ही वहीच करते.

पारोळ्याच्या भाऊचं उदाहरण सांगतो. त्याच्याकडे दहा एचपीची सबमर्सिबल आली होती. आधीच दोनदा कुठेतरी भरलेली, त्यामुळे कंपनीचा मूळ डेटा गेलेला. त्याने जुनी तार मोजून तशीच भरली. मोटरीत पाणी भरून नो-लोडला, म्हणजे पंप न जोडता रिकामी चालवली तर अँपिअर जास्त आणि बॉडी लवकर गरम. तिन्ही फेजचा करंट मात्र सारखा. म्हणजे एखादी कॉइल शॉर्ट नव्हती. टर्नच कमी असावेत, असं सगळ्यांचं मत पडलं. टर्न कमी पडले की कोअरवर चुंबकत्वाचा भार वाढतो आणि मोटर रिकामीच करंट ओढते. पण कमी म्हणजे किती?

माझ्या वहीत चोपड्याच्या अण्णांच्या नावापुढे त्याच कंपनीचं नाव होतं. ते त्या बैठकीला आले नव्हते. त्यांचा नंबर मी भाऊला लगेच दिला नाही. आधी अण्णांना फोन लावला, काम काय आहे ते सांगितलं आणि विचारलं, नंबर देऊ का? अनोळखी माणसाचा थेट फोन आला असता तर "बघून सांगतो" म्हणून त्यांनी टाळलं असतं. भाऊला बजावलं की स्लॉट किती, कोअरची लांबी, आतला व्यास हे मोजून मगच बोल. नुसतं 'दहा एचपी' म्हणून डेटा जुळत नाही, एकाच एचपीत कोअर वेगवेगळे असतात. अण्णांच्या वहीतला कोअर जुळला. भाऊच्या मोटरीत स्लॉटला तीन टर्न कमी आणि तार एक नंबर जाड निघाली. त्याने पुन्हा भरली, करंट खाली आला. आठवड्याने मी दोघांनाही विचारून घेतलं आणि तो डेटा अण्णांच्या परवानगीने वहीत लिहिला. मधल्या बोलण्यात मी नव्हतो, आणि नसावंच.

पंप कंपनीचा एक प्रतिनिधी जेवणाचा खर्च करायला तयार होता. नको म्हटलं. त्याच्या माणसासमोर त्याच्याच मोटरीचे दोष कोण बोलणार?

आणि उधारीत मी पडत नाही. एकाने माझ्या ओळखीवर धुळ्याच्या कारागिराकडून तार उधार मागितली, तेव्हा दोघांनाही सांगितलं: ओळख माझी, जामीन मी नाही. धुळ्याच्या मामांनी अर्धे पैसे रोख घेऊन तार दिली.